ओळखलंस का?

प्रिय शुभे,

चार महिने पत्र नाही, म्हणून शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. माझी कंबर बरी आहे, ह्यांची साखर ताब्यात. झालं प्रकृतीचं.

परवा दवाखान्यात नंबर लावून बसले होते. एका बाईनं शेजारी बसत माझा हात हातात घेतला. "वंदे, तू!" मला वंदे म्हणणारी माणसं आता उरलीत किती? चेहरा अगदी ओळखीचा, पण नाव काही केल्या येईना. आणि मी काय केलं? "अय्या, किती वर्षांनी!" तिथंच फसले. पहिल्या वाक्यालाच "नाव आठवेना गं" म्हटलं असतं तर निभावलं असतं. दहा मिनिटांनी म्हणायचं तर मघापासूनचं सोंग कबूल करावं लागतं. (फोनवर मला ओळखल्याचं सोंग तू पाच मिनिटं केलं होतंस. मी दोन महिने बोलले नव्हते. ते आता मागे घेते. अर्धं.)

मग मी खडे टाकत बसले. सध्या कुठे असतेस, मुलं काय करतात? अशानं माणूस सापडत नाही गं. उत्तरं सगळी आजची, ओळख तेव्हाची. शेवटी आपला हुकमी प्रश्न: "आई कशी आहे?"

ती गप्प. मग म्हणाली, "आई आपण सहावीत असतानाच गेली ना. तू दिवसभर माझ्याजवळ बसून होतीस."

शुभे, कुंदा होती ती.

"ओळखलं नाहीस ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, "नाही गं. चेहरा ओळखला, नाव येईना, आणि सांगायची लाज वाटली." "तू किती बदललीस" हे ओठावर आलं होतं, ते गिळलं. विसरायचं आपण आणि दोष तिच्या चेहऱ्याला! ती हसली, पण हात काढून घेतला.

काल जिन्यात एक गृहस्थ "काय, कशा आहात!" म्हणाले. या वेळी लगेच सांगितलं, "चेहरा चांगलाच ओळखीचा आहे, नाव निसटलंय. मी वंदना." ते बँकेतले निघाले. इतकी वर्षं काचेमागे बसलेलेच पाहिले, जिन्यात कसे ओळखू येणार? आणि गंमत म्हणजे त्यांनाही माझं नाव आठवत नव्हतं! मग दोघंही निवांत बोललो. कुठल्याशा कामात मी त्यांना मदत केली होती म्हणे. ते काही आठवेना. तोंडावर "हो हो" आलं होतं, पण म्हटलं, "अजून लक्षात येत नाही, सांगा ना." त्यांनी खुशीनं सगळं सांगितलं.

निशूचं ठरलं का? भिंतीची ओल गेली? सविस्तर लिही.

कुंदानं निघताना नंबर दिला. तुझी चौकशी करत होती. आधी फोन तू कर. माझा हात अजून त्या नंबरावर जात नाही.

तुझी,
वंदी