आखाजीला दोघं या

चि. निखिल,

परवा फोनवर मी तुझ्यावर ओरडलो. शांतपणे सांगता आलं असतं, म्हणून लिहितोय.

अमळनेरच्या लग्नात नानांनी भर पंगतीत विचारलं, "ऑपरेशन पूर्ण झालं का रे?" आणि तू बहिणीची बाजू घ्यायला गेलास. गोळ्या, डॉक्टर, तारखा, सगळं सांगून बसलास. रेवा मागेच वाढत होती. वरणाची बादली खाली ठेवून ती निघून गेली. आखाजीला येणार का, तिला विचारलंस?

ती माहिती तुला तिने विश्वासाने दिलेली. नानांना एवढंच म्हणायचं होतं, "नाना, तुमच्या हर्नियाची चौकशी पंगतीत केली होती का कुणी?" हसून म्हटलं असतंस तरी विषय बदलला असता. खरंच कुणी समजून घेण्यासाठी विचारलं, तर सांग की सगळ्याच ट्रान्स व्यक्ती ऑपरेशन करत नाहीत. ओळख मान्य करायला ऑपरेशनची सक्ती करणं बेकायदा, असं सुप्रीम कोर्टाने 2014 च्या निकालातच म्हटलंय. तिचं काय झालं, काय नाही, ते मात्र नको. जुनं नावही नको, जुना फोटोही तिला विचारल्याशिवाय नको.

झालं माझं भाषण सुरू. माफ कर. मी तरी कुठला शहाणा? धुळ्याचं स्थळ आलं तेव्हा बायोडाट्यात "भावंडं" पुढे मी रेघ मारली होती. ती तिने पाहिली. काही बोलली नाही. आता "एक बहीण" लिहायचंय, पण आधी तिला विचार. लोक फोन करून खोदतील, ते तिला चालेल का?

आपल्या मराठीत क्रियापदच माणसाला पकडून देतं. आला की आली, ठरवावंच लागतं. तो सात वर्षांचा... खोडलं बघ. ती सात वर्षांची असताना आखाजीला निंबाच्या झोक्यासाठी मुलींच्या रांगेत उभी राहायची. मी बखोट धरून बाहेर काढायचो. एकदा तशीच चढली, पडली, हनुवटीला तीन टाके. रडली नाही. जुन्या गोष्टी सांगतानाही मी आता "ती"च म्हणतो. चुकलो तर लगेच सुधारतो आणि पुढे बोलतो. पूर्वी हात जोडून माफी मागत बसायचो, तर तीच बिचारी मला समजावत बसायची.

तुझी आजी कुणाकडून काही शिकली नाही. सकाळी उठून विचारते, "मनी नात कशी शे?" आम्हीच अडखळतो.

तू तिच्यासाठी भांडलास, याचा मला आत कुठेतरी अभिमानही आहे. पण तिच्याकडे जा. "अप्पांनी पाठवलं" म्हणू नकोस. सांजोऱ्यांचा रवा आणलाय. झोक्याचा दोर जुना झालाय, नवा घ्यायचाय. ती येणार असेल तर जाड घेतो. कळव.

— अप्पा