थकलेलं भाडं: तीन वर्षं कधीपासून मोजायची

मंडळी, भाडं थकलंय त्यांनी हे वाचाच. लिमिटेशन अ‍ॅक्ट १९६३ प्रमाणे थकीत भाड्यासाठी दावा ३ वर्षांत लावावा लागतो, आणि ही ३ वर्षं भाडेकरू घर सोडतो तेव्हापासून नाही तर प्रत्येक महिन्याचं भाडं जेव्हा द्यायचं होतं तेव्हापासून वेगवेगळी धावतात. म्हणजे ५ मार्च २०२३ ला द्यायचं भाडं ५ मार्च २०२६ नंतर गेलंच, एप्रिलचं मात्र अजून महिनाभर जिवंत. वकिलाची नोटीस पाठवली म्हणून घड्याळ थांबत नाही (इथेच बरेच जण फसतात). मुदत संपायच्या आत भाडेकरूने सही करून बाकी लेखी मान्य केली तर मात्र त्या तारखेपासून नवीन ३ वर्षं. डिपॉझिटलाही साधारण ३ वर्षंच, अ‍ॅग्रीमेंटमध्ये परत द्यायची तारीख काय लिहिलीय ते आधी बघा.