शिलालेखात खडू भरू नका, बाजूने उजेड टाका

महोदय,

देवळाच्या भिंतीवर एखादा शिलालेख सापडल्याची बातमी आली की सोबतच्या फोटोत हमखास अक्षरांमध्ये खडू, रांगोळी नाहीतर पांढरा रंग भरलेला असतो. अक्षर उठून दिसावं हा हेतू चांगलाच. पण लेख झिजलेला असेल तर खडू भरणाऱ्याला रेघ कुठून कुठे जाते हे आधी मनाशी ठरवावं लागतं. मागाहून येणाऱ्याला मग दगड दिसत नाही, पहिल्याचा अंदाज दिसतो. रंग तर खाचेच्या तळाशी बसतो, आणि तो काढायला कुणी तारेचा ब्रश किंवा ॲसिड घेतलं की उरलंसुरलं अक्षरही जातं.

त्याऐवजी आधी दगडाला हात न लावता फोटो घ्यावेत. अंधार पडल्यावर कॅमेरा तिपाईवर लेखासमोर सरळ लावायचा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने धरायची. उजेड भिंतीवरून घासत गेला की उथळ खाचेतही सावली पडते. मात्र एका बाजूचा उजेड कधीच पुरत नाही. जी रेघ उजेडाच्या दिशेनेच जाते तिच्यात सावली पडत नाही. टॉर्च वरून धरली तर काने नाहीसे होतात, बाजूने धरली तर शिरोरेघा. म्हणून कॅमेरा न हलवता डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि तिरपे असे वेगवेगळे फोटो घ्यावेत. फोटोत मोजपट्टी हवी.

ठसा त्यानंतर. मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने धूळ काढून ओला कागद भिंतीवर बसवतात, ब्रशने हलके ठोकून तो खाचांत उतरवतात आणि ओल उतरली की काजळीची शाई कापडाच्या बोंडीने वरून टिपतात. दगडाचा पृष्ठभाग काळा उमटतो, खाच पांढरी राहते. शाई जास्त झाली तर कागदातून झिरपून दगडाला लागते, तेव्हा बोंडी जवळजवळ कोरडीच हवी. दगडावर बोट वाजवून पोकळ आवाज आला किंवा पापुद्रे सुटत असतील तर ठोकाठोक करूच नये, फोटोंवर थांबावं. संरक्षित स्मारकाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हेही सांगायला हवं.

ठशामुळे अक्षरांची मांडणी आणि मापं खरी मिळतात. पण त्यात टवका उडालेली जागाही पांढरी आणि छिन्नीची रेघही पांढरीच. हा फरक उजेडात कळतो: छिन्नीच्या खाचेला दोन सलग कडा आणि बऱ्यापैकी सारखी खोली असते, टवक्याला नसते. त्यामुळे ठसा आणि फोटो शेजारी ठेवूनच वाचन करावं.

वाचताना दिसलं तेवढंच आधी उतरवावं. जुन्या देवनागरीत एकाराची मात्रा पुष्कळदा अक्षराच्या आधी उभ्या रेघेने देत. तिला पडिमात्रा म्हणतात. ‘प’ आणि ‘द’ यांच्यामध्ये उभी रेघ दिसली तर ते ‘पाद’ असेल किंवा ‘पदे’. अर्थ लावायची घाई झाली की आपल्याला हवं तेच वाचलं जातं. शंकेचं अक्षर चौकटी कंसात घालावं, गेलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं द्यावीत.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला चौऱ्यायशीचा लेख घ्या. भाविकांच्या पाठी घासून तो झिजला, पण त्यातलं शके ११९५, श्रीमुख संवत्सर हे वाचन पक्कं आहे. समजा, त्यातला तिसरा अंक गेला असता आणि ‘११.५’ एवढंच उरलं असतं. आपल्याकडच्या रीतीने शकात १२ मिळवून ६०ने भागलं की बाकी संवत्सराचा क्रमांक देते. साठ संवत्सरांच्या चक्रात श्रीमुख सातवं. १११५ धरलं तर बाकी ४७ येते, म्हणजे तो अंक १ नव्हे. ११९५ला बाकी ७, जुळलं. पण ११३५लाही बाकी ७च येते! इथे गणित थांबतं. तिढा सुटतो तो लेखातल्या रामचंद्रदेव यादवाच्या नावाने, कारण शके ११३५ला, म्हणजे इ.स. १२१३ला, त्याच्या आधीच्या सिंघण यादवाचं राज्य होतं. आता कुणी त्या रिकाम्या जागी खडूने ३ काढून ठेवला असता तर?

म्हणून आपल्याला विनंती आहे की शिलालेखाची बातमी छापताना खडू भरलेला फोटो घेऊ नये. बाजूच्या उजेडातले निदान दोन फोटो द्यावेत आणि उजेड कुठल्या बाजूचा होता ते खाली लिहावं. वाचन कंसांसकट, टिंबांसकट छापावं. जागा अपुरी पडली तर भाषांतर कापावं, टिंबं नकोत.

आपला,
एक नियमित वाचक