सुहास, ट्रेनिंगला पाठवायची घाई करू नकोस

कोल्हापूर,
रविवार

प्रिय सुहास,

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. फोनवर बोललो असतो, पण तू मध्येच तोडतोस आणि मग गाडी आपल्या हॉस्टेलवर जाते, म्हणून लिहूनच पाठवतो.

तुझ्या इन्स्पेक्शनमधल्या त्या डिप्लोमावाल्या मुलीबद्दल तू जे लिहिलंयस ते मला ओळखीचं वाटलं. वेळेवर येते, रिपोर्ट भरते, चूक काढायला जागा ठेवत नाही. पण पहिल्या वर्षी प्रत्येक बॅचमागे धावणारी ती आता सांगितलं तेवढंच करते. तिला हॉटेलातल्या दोन दिवसांच्या मोटिव्हेशन ट्रेनिंगला पाठवायचं आणि पुढच्या महिन्यात 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' करायचं, असा तुझा बेत आहे. जरा थांब. तिला काय हवंय हे अजून तुला माहीतच नाही. औषध आधी ठरवून मग आजार शोधायला निघालायस.

आमच्या शॉपमधली एक गोष्ट सांगतो. आमचा एक जुना सेटर आहे, सगळे त्याला मास्तर म्हणतात. आयटीआयचा टर्नर, हाताला कमालीचा पक्का. व्हीएमसीवर काम करताना नुसत्या आवाजावरून 'इन्सर्ट गेलं' म्हणायचा आणि बरोबर निघायचा. हा माणूस हळूहळू गप्प झाला. रिजेक्शन वाढलं नाही, हजेरी बिघडली नाही, त्यामुळे कुठल्याच रिपोर्टमध्ये ते दिसत नव्हतं. फक्त त्याचं बोलणं बंद झालं होतं. आमच्या आधीच्या प्लँट हेडने निदान केलं की बरीच वर्षं एकाच ग्रेडमध्ये आहे, वैतागला असेल. म्हणून त्याला सुपरवायझर करायचं ठरलं. मास्तरने पोस्ट घेतली आणि आणखीच बसला. शिफ्टचं रजिस्टर, कोण आला नाही, कोणाची ओटी लावायची, कोणाचं कोणाशी वाजलं, हे सगळं तो मान खाली घालून उरकायचा. थोड्या महिन्यांनी स्वतःच म्हणाला, मला परत मशीनवर सोडा.

मग एक जॉब आला. ओतीव लोखंडाचं बेअरिंग हाउसिंग, पातळ भिंतीचं, ७२ मिलिमीटरचा एच७ बोअर. म्हणजे एकूण ३० मायक्रॉनची मुभा, तुला सांगायला नको. क्लॅम्प असताना डायल बोअर गेज लावलं की बोअर गोल, क्लॅम्प सोडला की लंबगोल. सगळी पहिली बॅच इन्स्पेक्शनने अडवली. कारण सरळ होतं. फिक्स्चरचा क्लॅम्प नेमका पातळ भिंतीवर बसत होता; दाबाखाली भिंत आत यायची, त्या अवस्थेत बोअर गोल कापला जायचा आणि दाब गेला की भिंत आपल्या जागी जायची. मास्तर त्याच मशीनवर उभा होता. मी विचारलं, पहिल्या पीसलाच कळलं असेल ना तुला? तो म्हणाला, "कळलं होतं साहेब. पण प्रोग्रॅम वरून आला होता, फिक्स्चर पण वरून आलं होतं."

'वरून' हा शब्द मी धरून ठेवला, आणि त्या आठवड्यात त्याच्याशी बोलायचं ठरवलं. कसं बोललो ते नीट सांगतो, कारण तुला तेच करायचं आहे.

एक म्हणजे, केबिनमध्ये बोलावलं नाही. केबिनमध्ये आपला माणूस 'सगळं ठीक आहे साहेब' हेच म्हणतो. इन्क्रिमेंटच्या महिन्यात बोललो नाही, कारण तेव्हा प्रत्येक वाक्याचा अर्थ पगार होतो. बॅच अडकली त्या दिवशीही नाही. ती चौकशी झाली असती. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलो आणि आधीच सांगून टाकलं, की तुझी तक्रार कोणी केलेली नाही, तुझं काम बदलायचं झालं तर कुठल्या दिशेने, ते समजून घ्यायचंय. तुझ्या बाबतीत ती मुलगी आहे, तेव्हा टपरी वगैरे नको. कँटीनमध्ये, चार माणसं दिसतील पण ऐकू जाणार नाही अशा टेबलावर, कामाच्या वेळेतच बस. अर्धा-पाऊण तास पुरतो.

दुसरं, 'तुला कामातून काय हवंय?' हे थेट विचारायचंच नाही. ह्या प्रश्नाला दोनच उत्तरं येतात, 'काही नाही' किंवा 'पगार'. माणूस खोटं बोलत नसतो, पण त्याने त्याचा कधी विचारच केलेला नसतो. म्हणून मत विचारू नकोस, प्रसंग विचार. फ्रेडरिक हर्झबर्ग ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच केलं होतं. पिट्सबर्गच्या आसपासच्या दोनशेएक इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना त्याने विचारलं, कामाबद्दल फार छान वाटलं असा एखादा काळ सांगा आणि फार वाईट वाटलं असाही एक सांगा. चांगल्या गोष्टींत बहुतेक वेळा हातून झालेलं काम, त्याची दखल, जबाबदारी हे आलं. वाईटात कंपनीचे नियम, साहेबांची पद्धत, पगार. त्याच्या निष्कर्षांवर पुढे बरीच टीका झाली. चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईट झालं की कंपनीवर ढकलतो, मग असंच निघणार, असा मुख्य आक्षेप होता आणि तो मला पटतो. पण विचारायची रीत मात्र उत्तम आहे.

मी मास्तरला विचारलं, "कामावरून घरी गेल्यावर बायकोला आपण होऊन काही सांगितलंस, असं शेवटचं कधी झालं?" तो बराच वेळ गप्प. अशा वेळी आपण मध्ये बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड. मग त्याने काही वर्षांपूर्वीचा असाच एक पातळ भिंतीचा जॉब सांगितला. तेव्हा त्याने क्लॅम्प भिंतीवरून काढून खालच्या फ्लँजच्या कानावर घेतला होता, रफिंगनंतर क्लॅम्प एकदा सैल करून हलका परत बांधला होता आणि मग फिनिश कट मारला होता. टपरीवरच्या दोन ग्लासांचं फिक्स्चर करून त्याने मला ते हातांनी दाखवलं. ड्रॉइंगचा नंबरसुद्धा तोंडपाठ.

मग उलट विचारलं, कुठल्या दिवशी येऊच नये असं वाटलं? आता उत्तर पटकन आलं. डेव्हलपमेंटचा वेगळा सेल निघाला, इंजिनिअर मुलं कॅमवर प्रोग्रॅम करायला लागली, त्या सुमारास त्याने स्वतः बनवलेली दोन फिक्स्चरं एक दिवस स्क्रॅपच्या ढिगात दिसली. टाकायला हरकत नव्हती, जॉबच बंद झाले होते. "पण विचारायला पाहिजे होतं की नाही?" एवढंच म्हणाला.

शेवटी एक जोडप्रश्न विचारतो मी नेहमी: तुझ्याकडचं कुठलं काम दुसऱ्याला दिलं तर सुटल्यासारखं वाटेल, आणि कुठलं दिलं तर राग येईल? ह्याने खरी गोष्ट लवकर बाहेर येते. मास्तर म्हणाला, रजिस्टर कोणालाही द्या. पहिला पीस दुसऱ्याने काढला तर राग येईल.

म्हणजे त्याला खुर्ची नको होती. नवीन जॉब मशीनवर चढण्याआधी त्यात आपला शब्द असावा, एवढंच हवं होतं. पगाराचं मी वेगळं तपासून घेतलं होतं, ते तूही कर. तिच्यानंतर आलेल्या पोराला तिच्यापेक्षा जास्त देऊन घेतलं असेल, तर आधी ते निस्तर. ती जखम उघडी असताना बाकीचं बोलणं म्हणजे तोंडाला पानं पुसणं.

टपरीवर मी कसलंच आश्वासन दिलं नाही. चार दिवस घेतले, वर बोललो, आणि एकच गोष्ट बदलली. नवीन फिक्स्चर फायनल होण्याआधी इंजिनिअर आणि मास्तर अर्धा तास मशीनपाशी उभे राहतात, मास्तरचा शेरा सेटअप शीटवर लिहिला जातो, आणि पहिला पीस पसंत पडेपर्यंत जॉब अडवायचा अधिकार त्याचा. नवीन जॉब महिन्याला दोन-तीन, म्हणजे खर्च काहीच नाही. त्रास झाला तो डेव्हलपमेंटच्या पोरांचा. एक जण फुगून बसला, की आता आयटीआयवाला आमचं काम तपासणार का. त्याला त्या हाउसिंगचा क्लॅम्प मास्तरसोबत हलवायला लावला. बोअर मुभेत आल्यावर तो बोलायचा थांबला. पटलं की नाही, देव जाणे.

फरक पडला का, हे चेहऱ्यावरून ठरवू नकोस. मास्तर आजही हसत नाही, फाइव्ह-एसचा तक्ता भरत नाही, कायझेनचं नाव काढलं की चहाला जातो. मी एकच पाहतो: विचारल्याशिवाय तो काही सांगायला येतो का? आता येतो. कधी कधी इतका येतो की वैताग येतो.

तुझ्या बाबतीत उत्तर अगदी वेगळं निघेल, मी अंदाज बांधत नाही. सीएमएमचं प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल, कस्टमरपुढे आपला रिपोर्ट आपण मांडायचा असेल, किंवा सरकारी परीक्षेचा अभ्यास चालू असेल आणि नोकरीकडून फक्त वेळेवर सुटणं हवं असेल. हे शेवटचं निघालं तर तोंड वाकडं करू नकोस. काम काय आणि किती, हे स्पष्ट ठरव, तेवढं चोख घे आणि पाचला सोड. घरचं काही निघालं, आजारपण, कर्ज, तर ऐकून घे, सुट्टी-शिफ्टची जमेल ती सोय कर, पण सल्लागार होऊ नकोस. आणि जे तुझ्या हातात नाही, म्हणजे पुण्याला बदली वगैरे, ते तिथल्या तिथे 'माझ्या हातात नाही' म्हणून सांग. बघतो म्हणालास आणि काहीच केलं नाहीस, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. न विचारलेलं परवडलं.

बोलताना वहीत काही लिहू नकोस, बाहेर आल्यावर तिचेच शब्द लिहून ठेव. आपण आपल्या भाषेत उतरवलं की त्याचं 'करिअर ग्रोथ' होतं आणि मूळ गोष्ट हरवते.

तुझं ऑडिट गुरुवारी संपतंय ना? त्यानंतरचा आठवडा बरा. ट्रेनिंगवाल्यांना ॲडव्हान्स दिला नसशील तर अजून देऊ नकोस. वहिनींना नमस्कार, आणि दिवाळीत नाशिकहून येताना चिवडा आण, मागच्या वेळी विसरला होतास.

तुझा,
विन्या