महाविद्यालयीन उद्योजकता उपक्रमांचा हिशेब तीन वर्षांनी व्हावा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

महाविद्यालयांतील उद्योजकता शिबिरे, स्टार्टअप स्पर्धा आणि विद्यार्थ्यांच्या विक्री-महोत्सवांच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर वाचायला मिळतात. किती विद्यार्थी सहभागी झाले, किती संघांना बक्षिसे मिळाली, पाहुणे काय म्हणाले, हे सारे त्यांत असते. तीन वर्षांपूर्वी पहिला आलेला संघ आज काय करतो, हे मात्र कुठे छापून आलेले माझ्या वाचनात नाही. बँकेच्या लघुउद्योग कर्ज विभागात माझी बरीच वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर अशा काही स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बसलो. म्हणून या उपक्रमांतून टिकाऊ लहान उद्योग उभे राहतात का, याविषयी थोडे तपशिलाने लिहीत आहे.

या स्पर्धांत नेहमी दिसणारे उदाहरण घेतो. दोन विद्यार्थिनी नाचणीचे लाडू करतात आणि पाव किलोचे पाकीट 120 रुपयांना विकतात. कच्चा माल 62 रुपये आणि पाकीट-लेबल 8 रुपये, असा एका पाकिटाचा खर्च 70 रुपये येतो. दोन दिवसांच्या महोत्सवात 200 पाकिटे संपतात, 10 हजार रुपये नफा दिसतो आणि परीक्षक खूश होतात. हा हिशेब खोटा नाही, पण तो महोत्सवाचा आहे. तिथे दुकानदार नसतो, उधारी नसते, परत आलेला माल नसतो आणि गिऱ्हाईक बहुतेक ओळखीचे असते.

आता तेच पाकीट गावातल्या किराणा दुकानांत ठेवून पाहू. दुकानदार 20 टक्के घेणार, म्हणजे हातात 96 रुपये येणार. गॅस-विजेचे 4 आणि पोहोचवण्याचे 5 रुपये धरले, तर खर्च 79 रुपये होतो. तुपातला पदार्थ फार काळ ठेवता येत नाही, तेव्हा शंभरांतील दहा पाकिटे न विकता परत येतात असे समजू. शंभर पाकिटांचा खर्च 7,900 रुपये, नव्वदांची वसुली 8,640 रुपये आणि शिल्लक 740 रुपये. महिन्याला हजार पाकिटे केली, तरी दोघींच्या पूर्ण वेळच्या श्रमांचे मिळून 7,400 रुपये उरतात आणि त्यात जागेचे भाडे धरलेलेच नाही. शिवाय दुकानदार दीड महिन्याने पैसे देत असेल, तर सुमारे 1 लाख 18 हजार रुपये सतत बाजारात अडकून राहतात. 25 हजारांचे बक्षीस अशा वेळी नऊ-दहा दिवसांतच संपते. नफा दिसत असूनही हातात पैसा नाही, अशा अवस्थेत धंदा बंद पडतो आणि त्याचे खापर मुलींच्या चिकाटीवर फोडले जाते.

सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असा कायदा 2006 पासून आहे. व्याख्यानात तो सांगितलाही जातो. पण आठवड्याला वीस पाकिटे देणाऱ्या मुलीने दुकानदाराविरुद्ध तक्रार केली, तर दुसऱ्या दिवशी तिचा माल फळीवरून उतरतो, हे कोणी सांगत नाही. कोणत्या दुकानदाराला उधार द्यायचे, किती द्यायचे आणि मागची बाकी फिटेपर्यंत पुढचा माल कसा थांबवायचा, हे वर्गात क्वचितच शिकवले जाते. घरात आधीपासून दुकान किंवा कारखाना असलेली मुले बँकेत तुलनेने टिकलेली दिसत, त्याचे एक कारण मला हेच वाटते. उधारी वसूल करणे ती घरात पाहून शिकलेली असतात.

दुसरी अडचण मोजमापाची आहे. शिक्षण मंत्रालयाच्या नवोपक्रम कक्षाने 2018 पासून महाविद्यालयांत संस्थात्मक नवोपक्रम परिषदा सुरू केल्या. त्यांचे तारांकन मुख्यतः घेतलेल्या उपक्रमांवर ठरते, त्यामुळे प्राध्यापकांचा वेळ व्याख्याने घेणे, छायाचित्रे काढणे आणि अहवाल चढवणे यांत जातो. त्यात त्यांचा दोष नाही. ज्याचे गुण मिळतात ते काम होते. ‘आमच्याकडून इतके उद्योग उभे राहिले’ असे सांगताना अनेकदा लहान उद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम नोंदणीची प्रमाणपत्रे पुढे केली जातात. ही नोंदणी विनामूल्य असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागत नाही, त्यामुळे शेवटच्या सत्रानंतर मुलगा पुण्याला नोकरीला गेला तरी प्रमाणपत्र फाइलमध्ये तसेच राहते.

याबाबतीत सरकारच्याच एका जुन्या योजनेकडून शिकता येईल. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008 मध्ये सुरू झाला. त्यात प्रकल्प खर्चाच्या 15 ते 35 टक्के अनुदान मिळते, पण ते उद्योजकाच्या हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षे मुदत ठेवीच्या रूपात राहते आणि युनिट खरोखर चालू असल्याची प्रत्यक्ष पाहणी झाल्यावरच कर्जखात्यात वळते होते. या योजनेतही गैरप्रकार होतात. पाहणीच्या दिवसापुरती यंत्रे सुरू केलेली मी पाहिली आहेत. तरीही उद्योग तीन वर्षे टिकला पाहिजे, हे तत्त्व त्यात निदान मान्य केलेले आहे. महाविद्यालयांच्या उपक्रमांत मात्र बक्षीस समारंभ झाला की चौकशी संपते.

तीन-चार वर्षे थांबून पाहिल्यावर चित्र कसे बदलते, हे ट्युनिशियाच्या अनुभवावरून कळते. तिथे 2009-10 या शैक्षणिक वर्षात पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांना प्रबंधाऐवजी व्यवसाय आराखडा करण्याची मुभा दिली आणि सोबत प्रशिक्षण व वैयक्तिक मार्गदर्शनही दिले. इच्छुकांमधून निवड चिठ्ठ्या टाकून केल्याने निवडलेले आणि न निवडलेले अशा दोन गटांची तुलना करणे शक्य झाले. वर्षभरानंतर प्रशिक्षित गटात स्वयंरोजगार करणाऱ्यांचे प्रमाण किंचित जास्त होते, पण चार वर्षांनी तो फरक उरला नव्हता. पहिल्या वर्षाचा अहवाल पाहून थांबले असते, तर उपक्रम यशस्वी ठरला असता.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. बक्षिसाची रक्कम एका धनादेशाने देऊ नये. ती महाविद्यालयाने ठेवून घ्यावी आणि विद्यार्थ्याने दुकानदाराची दुसरी ऑर्डर दाखवली की त्या ऑर्डरपुरते खेळते भांडवल म्हणून त्यातून द्यावे. पैसे वसूल झाले की रक्कम परत जमा व्हावी आणि पुढच्या ऑर्डरला पुन्हा मिळावी. पहिली ऑर्डर ओळखीवर मिळते. दुसरी मिळाली, तर माल खपला असे समजायला हरकत नाही. परीक्षकांनीही सादरीकरणाच्या चित्रांऐवजी सहा महिन्यांचे बँक खात्याचे विवरण मागावे. त्यात त्याच दुकानांकडून पुन्हा पुन्हा पैसे आलेले दिसतात का आणि जमा होण्याचे अंतर वाढत चालले आहे का, एवढे पाहिले तरी धंद्याची प्रकृती बरीचशी कळते.

आणि विद्यापीठांना एक विनंती. पुढच्या स्पर्धेची घोषणा करण्याआधी तीन वर्षांपूर्वीच्या विजेत्यांपैकी किती जणांचा व्यवसाय चालू आहे, त्यावर किती माणसांचा पगार निघतो आणि बंद पडलेले कशामुळे बंद पडले, ही माहिती संकेतस्थळावर टाकावी. आपल्या वार्ताहरांनी समारंभाच्या बातमीसोबत हा आकडाही संयोजकांकडे मागावा.

कळावे,
आपला वाचक,
एक निवृत्त बँक अधिकारी, सातारा