फ्लॅटसाठी तुमचे पैसे मी घेणार नाहीये, आणि पेन्शन ऑर्डरचं, म्हणजे पीपीओचं सगळं नीट समजावून सांगते

बाबा, आई,

आधी तेच सांगते ज्यावरून फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. बुकिंग मी केलेलं नाही आणि आता करणारही नाही, बिल्डरला सोमवारीच नाही कळवलंय. बाबा, रागावू नका, तुम्ही मनापासून देत होतात हे मला माहितीये आणि म्हणूनच फोनवर मला नाही म्हणता येईना. भाड्याचं घर चांगलं आहे, चोवीस तास पाणी आहे, ऑफिस चालत वीस मिनिटांवर, खाली भाजीवाला आहे, मला खरंच काही कमी नाहीये. पण पैसे न घेण्याचं खरं कारण तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पीपीओच्या फोटोत आहे. त्यात 19,800 ला गोल करून तुम्ही "फक्त एवढीच?" लिहिलंय ते वाचून मला रात्री झोप लागली नाही. तुम्ही आईला "आता हात आखडता घ्यायचा" असं सांगितलंत, आणि आईने लगेच दुधाचा रतीब अर्ध्या लिटरवर आणला, हेही कळलंय मला. आई, उद्यापासून रतीब परत एक लिटर कर.

बाबा, आता पीपीओ समोर घ्या, चष्मा लावा. तुमची शेवटची बेसिक 66,000 होती, तिच्या निम्मी म्हणजे 33,000 ही तुमची बेसिक पेन्शन. शेजारचे काका म्हणाले ना की 33 वर्षं सर्व्हिस भरली नाही म्हणून पेन्शन कापली असेल, तसं काही नाहीये, ती 33 वर्षांची अट 2006 नंतर रिटायर झालेल्यांना नाही. तुमची 31 वर्षं झाली, निम्मी पेन्शन पूर्ण मिळालीये.

तुम्ही सेटलमेंटच्या फॉर्मवर 40 टक्के कम्युटेशन भरलंत. 33,000 चे 40 टक्के म्हणजे 13,200, एवढी पेन्शन तुम्ही दरमहा सोडलीत आणि तिच्या बदल्यात रेल्वेने एकरकमी पैसे दिले. हिशोब असा की 13,200 गुणिले 12, गुणिले 8.194. हा शेवटचा आकडा वयावरून ठरतो, पुढचा वाढदिवस 61 वा असेल तर टेबलमध्ये 8.194 आहे. उत्तर येतं 12,97,930, म्हणजे अकाउंटला आलेली रक्कम बरोबर आहे, आणि सरकारी नोकरीतल्या कम्युटेशनवर इन्कमटॅक्सही नाही. 33,000 मधून 13,200 गेले की राहिले 19,800. तुम्ही गोल केलेला आकडा हाच.

पण हातात येणारे पैसे एवढेच नाहीत बाबा! पेन्शनवर महागाईचा डीआर मिळतो, पगारात डीए मिळायचा तसाच, आणि तो 19,800 वर नाही, पूर्ण 33,000 वर मिळतो, कम्यूट केलेला भाग त्यातून वजा करत नाहीत. जुलै 2025 पासून डीआर 58 टक्के आहे, म्हणजे 19,140. त्यात 19,800 मिळवले की महिन्याला 38,940 होतात. डीआर जानेवारी आणि जुलैपासून वाढतो, जाहीर उशिरा होतो, मग मागचा फरक एकदम येतो. त्यामुळे आईच्या गुडघ्याच्या फिजिओथेरपीला आणि तुमच्या बीपीच्या गोळ्यांना हात आखडायची काहीच गरज नाही.

आता पैसे का घेत नाही ते ऐका. ते 12,97,930 बक्षीस नाहीयेत, तुमचीच पुढची पेन्शन आधी मिळालीये. ही 13,200 ची कपात 15 वर्षं चालणार, तिची बेरीज होते 23,76,000. डिसेंबर 2025 पासून कपात लागलीये म्हणजे डिसेंबर 2040 ला पूर्ण 33,000 परत सुरू होतील, ती तारीख डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण बँकेकडून राहिलं तर आपल्यालाच मागावं लागेल. तुमच्या 75 व्या वर्षापर्यंतचे दरमहाचे पैसे मी आज भिंती विकत घ्यायला कसे वापरू? मला नाही जमणार ते. लहानपणी शाळेच्या सहलीचे पैसे द्यायला तुम्ही ओव्हरटाइम करायचात आणि मला वाटायचं तुम्हाला ऑफिसात बसायलाच आवडतं. आता माझा पगार माझ्यापुरता पुरतो बाबा.

त्यातले 12 लाख पोस्टात सिनियर सिटिझन स्कीममध्ये टाका, सध्या 8.2 टक्के व्याज आहे, दर तीन महिन्यांनी 24,600 येतील. पाच वर्षांसाठी असतं, म्हणून उरलेले 97 हजार बँकेत हाताशी राहू द्या. ज्यांनी "आमच्याकडे गुंतवा" म्हणून घरी चहाला यायचं म्हटलंय त्यांना चहा पाजा आणि पाठवा.

आणखी एक, आई, हे वाचून डोळ्यात पाणी आणू नकोस, कागदावर आहे म्हणून लिहितेय. पीपीओवर 19,800 दोनदा छापलंय. एक कम्युटेशननंतरची बाबांची पेन्शन, दुसरी तुझ्या नावापुढची फॅमिली पेन्शन. दोन्ही वेगळ्या आहेत. फॅमिली पेन्शन शेवटच्या बेसिकच्या 30 टक्के असते आणि निम्म्या बेसिकमधून 40 टक्के कम्यूट केले की उरतात तेही 30 टक्केच, म्हणून आकडा सारखा येतो. सुरू झाल्यापासून पहिली सात वर्षं किंवा बाबांच्या 67 व्या वाढदिवसापर्यंत, जे आधी होईल तोपर्यंत, ती वाढीव दराने 33,000 आहे. बाबांनी केलेल्या कम्युटेशनमुळे तुझ्या पेन्शनमधून काहीही कापलं जाणार नाही. तुझं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डासारखीच आहे का तेवढं बघ, शाळेच्या दाखल्यावर वेगळी तारीख आहे ना तुझी.

आणि बाबा, डिसेंबर संपताना पहिली पेन्शन जमा होईल तेव्हा नुसता मेसेज बघून फोन ठेवायचा नाही. 38,940 आले तर सगळं बरोबर. 31,284 आले तर समजा की बँकेने डीआर 19,800 वर काढलाय, महिन्याला 7,656 चं नुकसान, लगेच पेन्शन स्लिप मागायची आणि ब्रँचमध्ये पीपीओची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. तोंडी सांगून यायचं नाही, ब्रँचवाले बँकेच्या पेन्शन सेंटरकडे, सीपीपीसीकडे बोट दाखवतात आणि गोष्ट तिथेच राहते. आणि 52,140 आले तर खूश होऊन खर्च करू नका, कम्युटेशन कापायचं राहिलंय असा त्याचा अर्थ, पुढे एकदम वसूल करतात.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी भुसावळला येतेय, तिकीट काढलंय. पोस्टाचा फॉर्म भरून ठेवू नका, मी आले की बसून भरू. बाबांनी पासबुक अपडेट करून आणायचं, आणि आई, तू भरिताची वांगी आणून ठेव, भाजायला मी बसते, तू ओट्यापाशी उभी राहायची नाहीस.

तुमची,
छकुली