चॅनलवरचे गणपतीचे फोटो ओरिजिनल क्वालिटीत सेव्ह करा

मंडळी नमस्कार, इंदूरच्या आपल्या गणेशोत्सवाचे फोटो अन् नाटकाचा व्हिडिओ टेलिग्राम चॅनलवर टाकलाय, पण "फोटो फाटतात" अशी तक्रार येतेय म्हणून हे लिहितोय.

चॅनलवर प्रत्येक फोटो दोनदा दिसेल. एक नुसता फोटो, तो फक्त बघायला, टेलिग्रामने दाबून 1280 पिक्सेलचा केलेला, तो कितीही वेळा सेव्ह केला तरी तेवढाच राहणार. त्याच्याखाली .JPG नाव अन् एमबी लिहिलेली फाईल आहे, ती खरी, 6000 बाय 4000 ची. ज्यांना 18 इंची प्रिंट काढून भिंतीवर लावायचीय त्यांनी हीच घ्यावी, पहिल्यात इंचाला जेमतेम 71 पिक्सेल येतात, काकूंच्या पैठणीचे काठ पार पुसट होतात.

फाईल पूर्ण उतरू द्या, मग तीन टिंबांवर जाऊन `Save to Downloads` करा, आयफोनवाल्यांनी `Save to Files`. नुसती उघडून सोडली तर ती ॲपच्या कॅशमध्येच राहते अन् कॅश साफ झाली की जाते. व्हिडिओ दीड जीबीचा आहे, वायफायवरच घ्या, आधी फोनमध्ये जागा बघा.

सेव्ह झाल्यावर गॅलरीत डिटेल्स उघडा, आयफोनवाल्यांनी Files मध्येच फाईलची माहिती बघा, 6000 दिसलं तर बरोबर, 1280 दिसलं तर वरचा फोटो घेतलाय.

आणि हो, पुण्याच्या आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवताना अटॅचमधून डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, गॅलरीतून पाठवला की परत दाबला जातो, मग आम्हाला फोन करू नका 😄